चुकीचा पर्याय कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे?

माझ्याकडे आयईएल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेच्या तयारीसाठी आलेल्या एका विद्यार्थ्याची ही गोष्ट. लिसनिंगच्या सराव परीक्षांत त्याला चाळीसपैकी सत्तावीस-अठ्ठावीस गुण मिळत आणि गाडी तिथेच अडकलेली असायची. त्याला बँड 7 हवा होता आणि त्यासाठी साधारण तीस बरोबर उत्तरं लागतात. म्हणजे कमी पडत होते ते दोन-तीन गुण. त्याचं स्वतःचं निदान ठरलेलं होतं: "मॅडम, माझं ऐकणंच कच्चं आहे. ते फार भरभर बोलतात."

मी त्याच्या तीन उत्तरपत्रिका शेजारी शेजारी ठेवल्या. गाळलेल्या जागा भरायच्या प्रश्नांत तो जवळजवळ चुकत नव्हता. आडनावाचं स्पेलिंग, फोन नंबर, तारीख, व्याख्यानातला एखादा अवघड शब्द, सगळं नीट टिपलेलं. भाग 4 मध्ये एकच माणूस सलग बोलत असतो आणि मधे थांबतही नाही, तिथेसुद्धा दहापैकी आठ-नऊ. कान कच्चा असता तर तिथे घसरला असता. तो घसरत होता तो ए, बी, सी अशा पर्यायांच्या प्रश्नांत, आणि त्यातही भाग 3 मध्ये, जिथे दोन-तीन जण आपसात चर्चा करतात. तिथे सहापैकी दोन बरोबर. सहाही प्रश्नांत एकच पर्याय डोळे मिटून निवडला असता तरी सरासरीने दोन आलेच असते. म्हणजे नीट ऐकून, समजून घेऊन, त्याला न ऐकणाऱ्याइतकेच गुण पडत होते. ही गोष्ट मला महत्त्वाची वाटली. अंदाजाच्या पातळीवर गुण अडकले की समजावं, माणूस काहीतरी पद्धतशीरपणे करतोय आणि ती पद्धतच चुकीची आहे.

म्हणून आम्ही एकच प्रश्न घेतला आणि पूर्ण तासभर त्याच्यावर बसलो. रिकॉर्डिंग मी स्वतः लिहून, एका सहकाऱ्याबरोबर वाचून तयार केलं होतं. ते अर्थातच इंग्रजीत होतं. इथे त्याचा मराठी आशय देते, म्हणजे आतली यंत्रणा स्पष्ट दिसेल. जिथे नेमका शब्दप्रयोग महत्त्वाचा आहे तिथे तो कानाला ऐकू येतो तसाच ठेवते.

एक मुलगी वाचनालयाच्या वापरावर प्रकल्प करते आहे आणि आपल्या ट्यूटरशी बोलते आहे. प्रश्न असा: मुलीने मुलाखती घेण्याचा बेत का सोडला? पर्याय ए, त्यात फार वेळ गेला असता. पर्याय बी, लोक प्रामाणिकपणे बोलले नसते. पर्याय सी, उत्तरांची एकमेकांशी तुलना करणं अवघड गेलं असतं.

आता संभाषण. ट्यूटर म्हणतो, "तुझ्या पहिल्या आराखड्यात मुलाखती होत्या, आता दिसत नाहीत. वेळेचं गणित जमलं नाही का?" मुलगी म्हणते, "सुरुवातीला तीच काळजी होती. वीस माणसं, प्रत्येकी अर्धा तास. पण मदतीला दोन जण मिळाले, तेव्हा तो प्रश्न आपोआप सुटला." ट्यूटर म्हणतो, "मला विचारशील तर खरी अडचण वेगळीच आहे. समोरासमोर विचारलं की माणसं आपल्याबद्दल चांगलं तेवढंच सांगतात. आठवड्याला दोन पुस्तकं वाचतो म्हणून ठोकून देतात." मुलगी, "हो, थोडंफार तसं होत असेल. पण मी चाचणी म्हणून चौघांशी बोलले, ते अगदी मोकळेपणाने बोलले. माझं घोडं अडलं ते नंतर. एक जण इमारतीबद्दल बोलत राहिला, एक लहानपणच्या आठवणींत शिरला. चारही उत्तरं शेजारी शेजारी ठेवून मला काही म्हणताच येईना." ट्यूटर, "मग प्रश्नावलीच बरी. शिवाय वेळही वाचेल." मुलगी, "हो, तो वरचा फायदा."

त्याने ए लिहिलं. उत्तर सी आहे.

का लिहिलंस, असं विचारलं तर तो म्हणाला, "वेळ दोनदा आला, मॅडम. सुरुवातीला आणि शेवटी. शेवटी तर ती 'हो' म्हणाली." मग मी त्याचा प्रश्नपत्रिकेचा कागद मागून घेतला. त्यावर पेन्सिलीने तीन शब्द अधोरेखित होते: ए मधला 'टाइम', बी मधला 'ऑनेस्टली', सी मधला 'कम्पेअर'. हे त्याला आधीच्या वर्गात शिकवलं होतं. पर्यायातला कळीचा शब्द शोधा, खूण करा आणि तो कानावर पडायची वाट बघा. गाळलेल्या जागांसाठी ही सवय ठीक आहे, कारण तिथे जागेच्या आजूबाजूचे शब्द पकडायचे असतात आणि उत्तराचा शब्द रिकॉर्डिंगमधूनच जसाच्या तसा उचलायचा असतो. पर्यायांच्या प्रश्नात तीच सवय उलटते, आणि कशी उलटते ते या एका प्रश्नात अगदी स्वच्छ दिसत होतं.

'टाइम' दोनदा ऐकू आला, म्हणून ए ला दोन मतं. 'ऑनेस्टली' हा शब्द आला नाही, पण माणसं ठोकून देतात हे त्याला कळलं, म्हणून बी वर अर्धं मत. 'कम्पेअर' शेवटपर्यंत आलाच नाही. मुलगी म्हणाली ते 'आय कुडन्ट पुट देम साइड बाय साइड'. म्हणून त्याने सी वर काट मारली होती. त्या काटेकडे मी बराच वेळ बघत होते. सी बरोबर आहे की नाही याचा त्याने विचारच केला नव्हता, तो बाद झाला होता केवळ शब्द न आल्यामुळे. प्रश्न तयार करणारा माणूस बरोबर पर्यायातला शब्द रिकॉर्डिंगमध्ये शक्यतो येऊ देत नाही आणि चुकीच्या पर्यायांतले शब्द मात्र मुद्दाम पेरून ठेवतो. नाहीतर दोन शब्द ओळखणाऱ्यालाही गुण मिळाले असते. माझा विद्यार्थी शब्दांची मोजणी करत होता, आणि मोजणी करणाऱ्यासाठीच हा सापळा लावलेला असतो.

त्याला वाटत होतं की तिन्ही पर्याय बोलण्यात येतात म्हणजे परीक्षा गोंधळ घालते आहे. मी म्हटलं, तिन्ही येणारच. न आलेला पर्याय कुणालाही लगेच बाद करता येतो, मग त्याचा उपयोग काय? तेव्हा 'हे बोलले का?' हा प्रश्नच फुकट आहे. त्याचं उत्तर प्रत्येक वेळी 'हो'च. विचारायचं ते 'ह्याबद्दल काय बोलले?'

हे सांगणं सोपं आहे, आणि नुसतं सांगून काही होत नाही. त्याने मान हलवली आणि पुढच्या प्रश्नात पुन्हा तेच केलं. तेव्हा मी त्याला दुसरं काम दिलं. संभाषणाचा लिखित मजकूर समोर ठेवला आणि म्हटलं, सी बरोबर आहे हे आता तुला माहीत आहे, ते सोडून दे. ए हे कोणत्या प्रश्नाचं बरोबर उत्तर ठरेल, तो प्रश्न तू लिही.

तो चक्रावला. दोन मिनिटं मजकूर वर-खाली वाचला आणि मग लिहिलं: "मुलीला सुरुवातीला कशाची काळजी वाटत होती?" बरोबर. थोड्या वेळाने त्याच्या लक्षात आलं की ए साठी आणखी एक प्रश्न होतो: "प्रश्नावलीचा आणखी काय फायदा आहे?" तोही बरोबर. मग बी: "ट्यूटरच्या मते मुलाखतींतली मोठी अडचण कोणती?" हे लिहून झाल्यावर तो थांबला आणि म्हणाला, "म्हणजे सगळं खरंच आहे. फक्त विचारलेलं वेगळं आहे."

मला जे सांगायचं आहे ते एवढंच आहे. चांगल्या प्रश्नातला चुकीचा पर्याय सहसा धादांत खोटा नसतो. तो दुसऱ्याच कुठल्यातरी प्रश्नाचं खरं उत्तर असतो. काळ वेगळा असेल, म्हणजे आधी वाटलं होतं पण आता नाही. माणूस वेगळा असेल, मत ट्यूटरचं आणि विचारलंय मुलीचं. किंवा वजन वेगळं असेल, म्हणजे गोष्ट खरी पण दुय्यम, वरचा फायदा. एकदा तो दुसरा प्रश्न सापडला की पर्याय का चुकला हे कायमचं कळतं. 'ट्रॅप होता, फसलो' असं म्हणून उत्तरपत्रिका मिटली की काहीच कळत नाही. माझ्या अनुभवात सराव परीक्षा देणारे नव्वद टक्के वेळ परीक्षा देण्यात आणि गुण मोजण्यात घालवतात. चुकलेल्या प्रश्नाशी पाच मिनिटं बसत नाहीत.

पुढच्या आठवड्यात त्याने फक्त हेच केलं. नवीन परीक्षा एकही नाही. आधी सोडवलेल्या संचांतले पर्यायांचे प्रश्न काढायचे, मजकूर उघडायचा आणि प्रत्येक चुकीच्या पर्यायासमोर त्याचा प्रश्न लिहायचा, उत्तर बरोबर आलं असेल तरीसुद्धा. दिवसाला चार प्रश्न, म्हणजे आठ चुकीचे पर्याय. पहिल्या दिवशी दीड तास लागला, आठवडाअखेर तीस-पस्तीस मिनिटं. वहीत त्याने कोपऱ्यात स्वतःच्या सोयीने खुणा सुरू केल्या होत्या: 'आधी', 'दुसरा', 'लहान'. म्हणजे आधीचा विचार, दुसऱ्याचं मत, लहान कारण. ह्या खुणा मी सुचवलेल्या नव्हत्या. पुढे परीक्षेत त्याच कामाला आल्या.

मजकूर वाचताना एक गोष्ट समोर आली जी नुसतं ऐकताना त्याच्या हातून निसटत होती. पर्याय उलटतो तो क्षण फार छोटा असतो. 'दॅट वॉज माय वरी अ‍ॅट फर्स्ट' या वाक्यात सगळा निकाल 'वॉज' आणि 'अ‍ॅट फर्स्ट' मध्ये आहे, आणि बोलताना हे दोन्ही तुकडे अगदी हलके, गिळल्यासारखे येतात. जोर असतो 'वरी' वर. कान जोराच्या शब्दाकडे जातो आणि काळजी म्हणजे कारण असं जोडून मोकळा होतो. तीच गोष्ट 'आय वॉज गोइंग टू', 'आय मेंट टू', 'इट वुड हॅव बीन' यांची. यांतलं कुठलंही ऐकू आलं की ती गोष्ट घडलेली नाही किंवा सोडून दिलेली आहे, असं समजायला हरकत नाही. 'बट' ऐकू आला की पुढचं महत्त्वाचं, असं सगळे शिकवतात आणि ते बहुतेकदा खरंही असतं. पण 'बट' यायच्या आधीच क्रियापदाच्या रूपाने बातमी दिलेली असते. ज्याला ती कळते तो 'बट' ची वाट बघत बसत नाही.

दुसरा छोटा क्षण म्हणजे मुलीचा 'येस, टू सम एक्स्टेंट'. त्याने 'येस' ऐकलं आणि ट्यूटरचं मत मुलीच्या खात्यावर टाकलं. मी त्याला विचारलं, आपल्यात कुणी "हो ना, बरोबर आहे तुमचं, पण..." असं म्हणालं तर तू काय समजतोस? तो हसला. मराठीत तो सभ्य नकार असतो हे त्याला सांगावं लागलं नाही. इंग्रजीतही तसंच असतं. फक्त परक्या भाषेत आपण शब्दाला धरून बसतो आणि सूर विसरतो. 'येस' च्या मागोमाग 'टू सम एक्स्टेंट', 'आय सपोज', 'इन अ वे' असं काही आलं तर तो पूर्ण होकार नाही. आणि शेवटचं 'दॅट्स अ बोनस' हे तर उतरत्या सुरात, विषय गुंडाळल्यासारखं म्हटलेलं होतं. रिकॉर्डिंग पुन्हा लावून मी त्याला फक्त सूर ऐकायला सांगितलं. मुख्य कारण सांगताना मुलगी हळू झाली होती, उदाहरणं देत होती. वरचा फायदा तिने तीन शब्दांत उरकला. माणूस ज्या गोष्टीवर रेंगाळतो ती त्याच्या लेखी मोठी असते. हा नियम नाही, पण खूण म्हणून बरी आहे.

आता परीक्षेतली हालचाल. घरी मजकूर उघडून प्रश्न लिहिणं वेगळं आणि एकदाच वाजणाऱ्या रिकॉर्डिंगबरोबर धावणं वेगळं. आयईएल्ट्समध्ये रिकॉर्डिंग दुसऱ्यांदा लागत नाही. भाग 3 सुरू होण्याआधी आणि मधल्या थांब्यात प्रश्न वाचायला थोडा वेळ मिळतो, अर्धा मिनिट किंवा त्याच्या आसपास. तो वेळ माझा विद्यार्थी पर्यायांतले शब्द अधोरेखित करण्यात घालवत होता. आम्ही ते पूर्ण बंद केलं. पेन्सिल आता फक्त प्रश्नाच्या वाक्यावर चालायची, आणि तिथे दोनच गोष्टींवर खूण करायची: कोणाचं विचारलंय आणि नेमकं काय विचारलंय. वरच्या प्रश्नात 'मुलीने' आणि 'का सोडला'. पर्याय नुसते वाचायचे आणि प्रत्येकाचा आशय मनातल्या मनात मराठीत एका शब्दात धरायचा: वेळ, खोटं, तुलना. मराठीत का, तर इंग्रजी शब्द धरला की कान पुन्हा तोच शब्द शोधू लागतो. 'तुलना' धरून बसलं की 'साइड बाय साइड' ऐकल्यावर जोडणी आपोआप होते. काही शिक्षकांना हे पटत नाही, परीक्षेत मातृभाषा डोक्यात आणू नये म्हणतात. एका शब्दापुरतं मला त्यात काही वावगं वाटत नाही.

ऐकताना पर्याय निवडायचा नाही, निकाली काढत जायचा. ए बद्दल बोलणं सुरू झालं की पेन्सिल ए समोर न्यायची आणि तो विषय मिटेपर्यंत थांबायचं. मिटला की बारीकशी खूण: 'आधी'. बी आला, ट्यूटर बोलतोय, खूण: 'दुसरा'. इथे त्याला एक मोह आवरावा लागला. ए ऐकताच त्याचा हात गोल करायला धावत असे, आणि एकदा गोल केला की पुढचं ऐकणं बंद. डोकं त्या गोलाचं समर्थन शोधू लागे. म्हणून गोल करायचा तो पूर्ण प्रश्न संपल्यावरच, असं ठरवलं. कॉम्प्युटरवर परीक्षा देणाऱ्याला पर्यायासमोर पेन्सिलीने खूण करता येत नाही. त्याने पडद्यावरचं बटण दाबायला थांबावं आणि कच्च्या कागदावर तीन अक्षरं लिहून त्यांच्यासमोर ह्याच खुणा कराव्यात.

तीन आठवड्यांनी त्याने नवीन संच सोडवला. पर्यायांचे सहा प्रश्न, चार बरोबर. सुधारणा होती, पण चुकलेल्या दोनांपैकी एक मला जास्त बोलका वाटला, कारण तो नव्या शिकवणुकीतून आलेला होता.

प्रश्न असा: निकालांतल्या कोणत्या गोष्टीचं मुलीला आश्चर्य वाटलं? ए, वयस्कर लोकांचा कॉम्प्युटरचा वापर. बी, तरुणांची कमी संख्या. सी, संध्याकाळची रिकामी खोली. मुलगी म्हणते, "संध्याकाळी कुणी नसेल हे मला ठाऊकच होतं. तरुण कमी येतात, तेही तुम्ही म्हणाला होतात तसंच निघालं. पण कॉम्प्युटरवर साठीच्या पुढची माणसं बसलेली असतील अशी माझी अजिबात कल्पना नव्हती." उत्तर ए. त्याने बी लिहिलं.

त्याचं स्पष्टीकरण ऐकून मला कपाळावर हात मारावासा वाटला, त्याच्या नव्हे, माझ्याच. "मॅडम, ए मध्ये कॉम्प्युटर आहे आणि ती कॉम्प्युटर म्हणाली. तुम्ही सांगितलंत ना, जो शब्द ऐकू येतो तो सापळा." मी असं शब्दशः म्हटलं नव्हतं, पण त्याच्या डोक्यात ते तसं पोचलं होतं, आणि पोचलं तेच खरं. कॉम्प्युटरला कॉम्प्युटरच म्हणणार, दुसरं काय म्हणणार? काही नामांना पर्यायी शब्द सहज मिळत नाही आणि प्रश्न काढणाऱ्यालाही तो हट्ट नसतो. शब्द जुळला म्हणून पर्याय बरोबर ठरत नाही, तसाच तो चुकीचाही ठरत नाही. जुळणं हा पुरावाच नाही, कोणत्याही बाजूने. याच जातीचे आणखी दोन तयार नियम विद्यार्थ्यांत फिरतात: पहिला आलेला पर्याय नेहमी चुकीचा, आणि शेवटी आलेला नेहमी बरोबर. आमच्या पहिल्या प्रश्नात वेळ सुरुवातीलाही आली होती आणि शेवटीही, आणि दोन्ही वेळा चुकीची होती. पर्याय कोणत्या क्रमाने येतात यावरून काही ठरत नाही.

गंमत अशी की घरच्या वहीत हाच प्रश्न आला असता तर त्याने तो सहज सोडवला असता. बी साठी प्रश्न होतो, "ट्यूटरचा कोणता अंदाज खरा ठरला?" सी साठी, "मुलीला कोणती गोष्ट आधीपासून माहीत होती?" परीक्षेच्या घाईत तो अर्थ सोडून पुन्हा शब्दावर आला होता, फक्त आता उलट्या दिशेने.

दुसरी चूक साधी होती. मुलगी 'आयड बीन लेड टू बिलीव्ह' म्हणाली. हा शब्दप्रयोग त्याला माहीत नव्हता आणि 'माझा विश्वास आहे' असा त्याने अर्थ घेतला. खरा अर्थ, मला तसं भासवलं गेलं होतं, म्हणजे पुढे बहुधा ते तसं नव्हतं असं येणार. इथे कुठली पद्धत कामाला येत नाही, तो शब्दप्रयोग यावाच लागतो. मी मुद्दाम त्याला सांगितलं की ही चूक सापळ्यांच्या वहीत लिहू नकोस, शब्दांच्या वहीत लिही. दोन वेगळे आजार आहेत आणि औषधं वेगळी आहेत. सगळ्याच चुका सापळ्याच्या नावावर खपवायला लागलं की भाषेतली उणीव झाकली जाते.

आणखी एक गोष्ट त्याच संचात घडली, जी गुणांत दिसत नव्हती. एका प्रश्नात तो अडकला, दोन पर्याय उरले होते, आणि तो विचार करत असताना पुढच्या प्रश्नाचं बोलणं निघून गेलं. पुढचा प्रश्न त्याने अंदाजाने मारला आणि नशिबाने तो बरोबर आला. मी त्या गुणाकडे बघून खूश झाले नाही. रिकॉर्डिंगमध्ये प्रश्नांचा क्रम कागदावरच्या क्रमानेच येतो, ही खात्रीची गोष्ट आहे. म्हणून पुढच्या प्रश्नातला विषय ऐकू आला की मागचा प्रश्न तिथेच संपला असं धरायचं. उरलेल्या दोनांतलं एक अक्षर टाकायचं आणि पुढे जायचं. आयईएल्ट्समध्ये चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा कोरं सोडण्यात काहीच शहाणपणा नाही. दोनांतून एक निवडणं हे तिनांतून एक निवडण्यापेक्षा बरं, आणि 'आधी', 'दुसरा' अशी एखादी खूण केलेली असेल तर तीनाचे दोन झालेलेच असतात.

परीक्षेच्या आठवडाभर आधी तो वही घेऊन आला आणि जरा वैतागलेला होता. इंटरनेटवरून उतरवलेल्या एका सराव संचातला प्रश्न त्याला सुटेना. उत्तर बी दिलं होतं, पण ए साठी वेगळा प्रश्न काही लिहिता येत नव्हता. अर्धा तास झाला, जो प्रश्न लिहावा तो मूळ प्रश्नासारखाच होत होता. मी मजकूर वाचला, दोनदा वाचला. मुलगा एका वाक्यात कारण म्हणून दोन्ही गोष्टी सांगत होता, दोन्ही स्वतःच्या, दोन्ही आजच्या, आणि कुठलीच दुसरीपेक्षा मोठी आहे असं म्हणत नव्हता. प्रश्नात 'मुख्य' असा शब्दही नव्हता. ए सुद्धा तितकंच बरोबर होतं. प्रश्नच सदोष होता.

"मग मी चुकलो नव्हतो?" त्याने विचारलं.

"नाही. ज्याने प्रश्न काढला तो चुकला."

त्याने त्या संचाची उरलेली पानं वहीतून काढून ठेवली, आणि परीक्षा घेणाऱ्या संस्थांनीच प्रसिद्ध केलेल्या जुन्या संचांतले आठ प्रश्न त्या आठवड्यासाठी मोजून घेतले.